त्रुटी मर्यादेत, तरी चौथा अंक चुकला: कोसाइन ४८° चं प्रकरण

गोव्यातली खाजन शेती, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल जमिनीतली शेती, बांध आणि मानस यांच्या जिवावर उभी असते. मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. भरतीचं पाणी नदीतून चढू लागलं की त्याची लाकडी दारं दाबाने मिटतात, सुकतीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. दारं आपली आपण हलतात, पण मानसावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला पाणी कधी आणि किती चढणार हे आधी कळलेलं हवं असतं. चोडणच्या एका विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. आर्डुइनो उनो, वेळ राखणारी एक चिप आणि दोन ओळींचा डिस्प्ले एवढ्या सामानावर मांडवीच्या पाण्याची उंची दाखवायची. मी त्याच्या प्रकल्पाचा गणिताकडचा मार्गदर्शक होतो.

भरती-सुकतीचं गणित वरून सोपं दिसतं. सरासरी पातळी घ्यायची आणि तिच्यात काही कोसाइन लहरी मिळवायच्या. प्रत्येक लहरीला आपला आयाम, आपली गती आणि आपली सुरुवातीची कला असते. त्याने चार लहरी घेतल्या होत्या: चंद्राची अर्धदैनिक एम-२, सूर्याची अर्धदैनिक एस-२ आणि दैनिक के-१ व ओ-१. यांतली एम-२ सर्वांत मोठी. मुरगावजवळ तिचा आयाम साधारण अर्धा मीटर भरतो आणि गती ताशी २८.९८४१०४२ अंश आहे.

आर्डुइनोत कोसाइनचं तयार फंक्शन असतंच. पण प्रकल्पाच्या गणिताच्या भागाला अट वेगळी होती. कोसाइन स्वतःच्या बहुपदीने काढायचा, तो लॉग टेबलातल्या चार अंकी कोष्टकाशी जुळला पाहिजे, आणि का जुळतो हे आधी कागदावर सिद्ध करायचं. ‘चालवून बघितलं, बरोबर येतंय’ हे उत्तर चालणार नव्हतं. पाण्याच्या उंचीसाठी चार दशांश लागतात का? नाही. अर्ध्या मीटरच्या लहरीत कोसाइनची ०.०००१ इतकी चूक म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, आणि खाजनातल्या कुणालाही तो दिसणार नाही. अट गणिताची होती, पाण्याची नव्हती. तिच्यातून जे निघालं ते मात्र कुठल्याही बहुपदीला लागू पडतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

कोटी कशी ठरली

शून्याभोवतीची कोसाइनची टेलर बहुपदी सगळ्यांना माहीत असते:

```
cos x ≈ 1 - x²/2 + x⁴/24 - x⁶/720 + ...
```

कुठे थांबायचं हे शेषाची असमानता सांगते. n कोटीच्या बहुपदीवर थांबलो, तर राहिलेला शेष असा बांधता येतो:

```
|R_n(x)| ≤ M · |x|^(n+1) / (n+1)!
```

इथे M म्हणजे शून्यापासून x पर्यंतच्या पट्ट्यात (n+1)व्या विकलजाचं परिमाण जिच्यावर जाणार नाही अशी संख्या. बहुतेक फलांच्या बाबतीत खरी डोकेदुखी हा M शोधण्याचीच असते. कोसाइनच्या बाबतीत ती नाही. त्याचे सगळे विकलज उलटसुलट चिन्हांचे साइन आणि कोसाइनच असतात, त्यामुळे M = 1 घेतला की काम झालं. फक्त x रेडियनमध्ये हवा. अंशांत ठेवला तर प्रत्येक विकलजामागे π/180 चा गुणक येतो आणि वरच्या बहुपदीचे सहगुणकही बदलतात.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये विद्यार्थ्याने सहाव्या कोटीची बहुपदी घेतली आणि कोन फक्त रेडियनमध्ये बदलून जसाच्या तसा तिच्यात टाकला. १८०° ला उत्तर आलं −१.२१. कोसाइन −१ च्या खाली गेला की समजावं, बहुपदी तिच्या ताकदीबाहेर ताणली गेली आहे. असमानता हेच आधी सांगत होती: x = π असताना x⁸/40320 जवळपास ०.२३५ होतं. तेवढ्या लांबच्या कोनाला चार दशांश हवे असतील तर चौदाव्या कोटीपर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा कोन लहान करणं स्वस्त पडतं. ३६०° ची पूर्ण चक्रं काढून टाकायची, सममितीने कोन ० ते ९०° मध्ये आणायचा, आणि तो ४५° च्या वर असेल तर ९०° मधून वजा करून कोसाइनऐवजी साइन काढायचा. मग x कधीही π/4 म्हणजे ०.७८५४ च्या पुढे जात नाही.

आता कोसाइनची कोटी ठरवू. चौथ्या कोटीवर थांबलो तर असमानतेत सरळ n = 4 टाकून x⁵/120 मिळतं, म्हणजे ४५° ला ०.००२४९. इथे एक फायदा फुकट पदरात पडतो आणि मुलं तो हमखास सोडून देतात. कोसाइनच्या बहुपदीत x⁵ चं पद शून्य आहे, म्हणजे चौथ्या कोटीची बहुपदी हीच पाचव्या कोटीचीही बहुपदी आहे. मग n = 5 धरायला कुणाची हरकत? त्याने मर्यादा x⁶/720 होते, ०.०००३२६. आठपटींनी घट्ट झाली, तरी पुरेशी नाही. सहावी कोटी घेतली की त्याच युक्तीने x⁸/40320 म्हणजे ०.०००००३५९. चौथ्या दशांशाच्या अर्ध्या एककाच्या, म्हणजे ०.००००५ च्या, खूपच खाली. आणि ही मर्यादा उगाच सैल नाही. ४५° ला बहुपदी ०.७०७१०३२१ देते, खरी किंमत ०.७०७१०६७८ आहे. फरक ०.०००००३५७. असमानतेने जेवढं सांगितलं जवळजवळ तेवढाच.

साइनसाठी त्याने पाचव्या कोटीवर थांबायचं ठरवलं:

```
sin x ≈ x - x³/6 + x⁵/120
```

साइनमध्ये x⁶ चं पद नाही, म्हणून शेष x⁷/5040 ने बांधला जातो. ४५° ला ही मर्यादा ०.००००३६६ आहे. ०.००००५ पेक्षा कमी. अहवालात त्याने लिहिलं: ‘शेष चौथ्या दशांशाच्या अर्ध्या एककापेक्षा लहान आहे, म्हणून उत्तराचे चार दशांश अचूक आहेत.’ कितीतरी वह्यांत आणि उत्तरपत्रिकांत हे वाक्य असंच असतं आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात.

एक्याण्णव किमतींतली एक

मग त्याने ० ते ९० अंशांपर्यंतच्या पूर्ण अंशाच्या एक्याण्णव किमती छापून लॉग टेबलाशी ताडून पाहिल्या. नव्वद जुळल्या. ४८° ला प्रोग्रॅमने ०.६६९२ दिलं, टेबलात ०.६६९१.

“सर, टेबलात छपाईची चूक असेल,” तो म्हणाला. “नव्वद बरोबर आहेत, एकच कशी चुकेल? आणि शेष तर मर्यादेत आहे.”

“मग दुसरं टेबल काढ आणि बघ. छपाईची चूक असेल तर ती दोन्हीकडे सारखी नसणार.”

दुसऱ्या टेबलातही ०.६६९१ च होतं. कोसाइन ४८° म्हणजे साइन ४२°. मी त्याला आठ दशांश काढायला सांगितले. खरी किंमत ०.६६९१३०६१ आहे. पाचव्या कोटीची बहुपदी देते ०.६६९१५३००. दोन्हींतला फरक ०.००००२२४, म्हणजे अर्ध्या एककाच्या निम्म्याहूनही कमी. असमानता अजिबात खोटी ठरलेली नाही. पण ०.६६९१ आणि ०.६६९२ यांच्या बरोबर मध्ये ०.६६९१५ आहे. खरी किंमत त्याच्या अलीकडे पडते आणि बहुपदीची किंमत पलीकडे. राऊंड केल्यावर एक खाली जाते, दुसरी वर.

असमानता दोन संख्यांतल्या अंतराबद्दल बोलते, अंकांबद्दल काहीच बोलत नाही. अंतर ०.००००५ पेक्षा कमी आहे एवढ्यावरून दोन्ही संख्या राऊंड केल्यावर सारख्याच येतील असं निघत नाही. खरी किंमत दोन शेजारी चार-अंकी संख्यांच्या मध्याजवळ असेल तर अगदी बारीक चूकही तिला पलीकडे ढकलू शकते. राऊंड न करता सरळ पुढचे अंक छाटले तरी सुटका नाही. तेव्हा धोक्याची रेषा मध्यावर नसते, थेट ०.६६९२०० सारख्या गोल आकड्यांवर असते. ०.६९९९९९९ आणि ०.७०००००१ यांच्यात अंतर नगण्य आहे, पण छाटल्यावर एकही दशांश जुळत नाही.

मग ‘चार दशांश अचूक’ म्हणायचं कशाला? दोन वेगवेगळी वचनं देता येतात आणि कुठलं दिलंय ते आधीच ठरवावं लागतं. पहिलं: उत्तर खऱ्या किमतीपासून ०.००००५ पेक्षा लांब नाही. पाण्याची उंची काढायला एवढं पुरून उरतं आणि पाचव्या कोटीने ते पाळलं होतं. दुसरं: छापलेले चार अंक हे खऱ्या किमतीला राऊंड केल्यावर येणारेच चार अंक आहेत. टेबलाशी जुळण्याच्या अटीचा अर्थ हा दुसरा होता, आणि तो पहिल्यापेक्षा बराच कडक आहे. विद्यार्थ्याने सिद्ध केलं पहिलं आणि दावा केला दुसऱ्याचा.

असमानतेचा पट्टा करायचा

दुसरं वचन द्यायलाही शेषाची असमानताच लागते, फक्त वापरायची वेगळ्या पद्धतीने. ‘मर्यादा अर्ध्या एककापेक्षा लहान आहे का’ असं न विचारता, त्या मर्यादेने बहुपदीच्या किमतीभोवती एक पट्टा आखायचा. मग एकच प्रश्न: राऊंडिंगची मध्यरेषा या पट्ट्यात सापडते का? सापडत नसेल तर पट्ट्यातली कुठलीही संख्या राऊंड करा, चार अंक तेच येतात. खरी किंमत पट्ट्यातच आहे, म्हणजे ते अंक सिद्ध झाले. रेषा पट्ट्यात पडली तर या कोटीला निर्णय देता येत नाही, एवढंच म्हणता येतं.

साइन-कोसाइनच्या बाबतीत हा पट्टा एकतर्फी करता येतो. π/4 पर्यंत पदं एकामागून एक लहान होत जातात आणि चिन्हं आलटून पालटून येतात. म्हणून शेषाचं चिन्ह सोडलेल्या पहिल्या पदाचंच असतं आणि तो त्या पदापेक्षा मोठा नसतो. पाचव्या कोटीच्या साइनमध्ये सोडलेलं पद −x⁷/5040 आहे, म्हणजे बहुपदी खऱ्या किमतीच्या वर राहते. ४२° ला x = ०.७३३०३८, सोडलेलं पद ०.००००२२५७. पट्टा असा:

```
0.66913044 ≤ sin 42° ≤ 0.66915300
```

०.६६९१५ ही रेषा याच्या आत आहे. म्हणजे टेबल उघडायच्या आधीच, कागदावरच, असमानता सांगत होती की इथे चौथ्या अंकाची खात्री देता येत नाही. तिला विचारलंच नव्हतं.

उपाय सरळ आहे, सातवी कोटी. आता शेष x⁹/362880 ने बांधला जातो, ४२° ला ०.००००००१७. पट्टा ०.६६९१३०४४ ते ०.६६९१३०६१ एवढा आवळतो, रेषा बाहेर राहते आणि ०.६६९१ सिद्ध होतं. मायक्रोकंट्रोलरला यासाठी एक-दोन गुणाकार जास्त करावे लागतात, बाकी काही नाही.

पण हे एका कोनाचं झालं. टेबलातल्या सगळ्या पूर्ण अंशांसाठी एकदम खात्री हवी असेल तर विचार उलट्या बाजूने करावा लागतो: खऱ्या किमतींपैकी मध्यरेषेच्या सर्वांत जवळ कोण बसलंय? साइनच्या बाजूला तो मान १३° कडे जातो, म्हणजे कोसाइन ७७°. किंमत ०.२२४९५१०५, रेषेपासून अंतर फक्त ०.०००००१०५. सातव्या कोटीची ४५° वरची मर्यादा ०.००००००३१ आहे. सर्वांत वाईट कोनाची मर्यादा सर्वांत कमी अंतरापेक्षा लहान, म्हणजे पाच-सहा ओळींत साइनची सगळी बाजू सिद्ध झाली. प्रत्येक कोन वेगळा तपासायची गरज उरली नाही.

कोसाइनच्या सहाव्या कोटीचं एवढ्यावर भागत नाही, आणि मला हा भाग जास्त आवडतो. कोसाइन ३५° = ०.८१९१५२०४. रेषा ०.८१९१५ वर, अंतर ०.०००००२०४. ४५° साठी काढलेली सरसकट मर्यादा ०.०००००३५९, या अंतरापेक्षा मोठी. सरसकट मर्यादेवर विसंबलो तर ३५° बद्दल काहीच बोलता येत नाही. पण ३५° च्या कोनाला ४५° ची मर्यादा का लावायची? x ची आठवी घात आहे, कोन थोडा कमी झाला की ती झपाट्याने खाली येते. ३५° ला x⁸/40320 काढलं तर ०.००००००४८ मिळतं. सहाव्या कोटीची बहुपदी खऱ्या किमतीच्या खाली राहते, म्हणून पट्टा ०.८१९१५१५७ पासून ०.८१९१५२०५ पर्यंत. दोन्ही टोकं रेषेच्या वर. ०.८१९२ पक्कं. ३२° चा कोसाइन रेषेला याहूनही जवळ आहे, पण तिथे मर्यादा आणखी लहान होते आणि तोही सुटतो. कोटी न वाढवता, फक्त मर्यादा त्या त्या कोनाला मोजून, सगळे पूर्ण अंश निकाली निघाले.

जाता जाता एक गंमत. चौथ्या कोटीची ढोबळ बहुपदी ३५° ला ०.८१९२२ देते, म्हणजे राऊंड करून बरोबर ०.८१९२. चूक ०.००००७, अर्ध्या एककापेक्षा जास्त, तरी अंक बरोबर. एखाद-दुसऱ्या किमतीवर ताडून बघण्याला काय अर्थ असतो ते यावरून कळतं. तीच बहुपदी ४५° ला ०.७०७४ देते.

पूर्ण अंश संपल्यावर

पाण्याच्या लहरीची कला पूर्ण अंशांवर थांबत नाही. एम-२ ची कला दर मिनिटाला अर्ध्या अंशाच्या आसपास पुढे सरकते आणि कुठल्याही अपूर्णांकावर येते. तिथे ‘सर्वांत जवळचा कोण’ हे आधी शोधून ठेवता येत नाही. कुठलीही ठरावीक कोटी घ्या, तिचा पट्टा कितीही बारीक असो, मध्यरेषा कुठल्यातरी कोनाला त्यात पडणारच. विल्यम काहान यांनी याला कोष्टककाराची कोंडी असं नाव दिलं आणि संगणकाच्या आकडेमोडीत ते रूढ झालं. कोटी वाढवून ही कोंडी सुटत नाही, फक्त दुर्मिळ होते. ४५° च्या आसपास पाचव्या कोटीच्या साइनला साधारण तीन कोनांमागे एक अनिर्णित राहतो. सातव्या कोटीला हजारांत तीन.

म्हणून प्रोग्रॅममध्ये पट्टाच बसवला. आधी स्वस्त बहुपदी, तिची दोन्ही टोकं राऊंड करायची. दोन्ही सारखी आली तर उत्तर द्यायचं, नाही तर पुढचं पद जोडून परत बघायचं.

```c
float y = x * x;
float hi = x * (1 - y / 6 * (1 - y / 20));  // degree 5
float lo = hi - x * y * y * y / 5040;       // degree 7
if (round4(lo - d) != round4(hi + d)) {
  hi = lo + x * y * y * y * y / 362880;     // degree 9
}
```

यात `lo` हीच सातव्या कोटीची किंमत आहे हे लक्षात घ्या. पट्ट्याचं खालचं टोक काढायला केलेलं काम वाया जात नाही, पुढच्या फेरीचं उत्तर तेच असतं. `round4` हे चार दशांशांना राऊंड करणारं त्याचं छोटं फंक्शन. दुसऱ्या फेरीनंतरही दोन टोकं वेगळी आली तर प्रोग्रॅम त्या किमतीला ‘अनिर्णित’ अशी खूण करतो. ही खूण ठेवावी की लपवावी यावर आमचं थोडं झालं. मी ठेवायला लावली.

`d` मात्र शेषातून आलेला नाही. शेषाची असमानता बहुपदी अगदी तंतोतंत काढली असं धरून चालते. उनोवर दशांश संख्या ३२ बिटांची, म्हणजे २४ बिटांची अचूकता. ०.५ ते १ मधल्या संख्येवर प्रत्येक क्रियेत ०.०००००००३ पर्यंत चूक होऊ शकते. पाच-सहा क्रियांचे मिळून `d` = ०.००००००२ धरला. याचा दुसरा अर्थ असा की या चिपवर अकराव्या-तेराव्या कोटीच्या मागे लागण्यात काही मिळत नाही. पट्टा `d` पेक्षा बारीक होऊच शकत नाही. ४५° ला नवव्या कोटीचा शेषच `d` च्या खूप खाली जातो, पुढची पदं नुसती वेळ खातात.

डिसेंबरमधली गडबड

टेबल जुळलं, पट्टा बसला. मग त्याने वर्षभराच्या एम-२ लहरीचे कोसाइन लॅपटॉपवर ६४ बिटांत काढून उनोच्या उत्तरांशी ताडले. जानेवारीत सगळं जुळत होतं. वर्ष पुढे सरकत गेलं तसा चौथा दशांश डळमळू लागला आणि डिसेंबरमध्ये तो वारंवार चुकत होता. प्रोग्रॅमने मात्र यातल्या जवळजवळ कुठल्याच किमतीला ‘अनिर्णित’ म्हटलं नव्हतं. पट्टे सगळे बारीक, खात्रीशीर, आणि उत्तरं चुकीची.

चूक वेळेबरोबर वाढते म्हटल्यावर बहुपदीवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. बहुपदीला जानेवारी-डिसेंबर कळत नाही, तिच्यापर्यंत ० ते ४५° मधला कोनच पोचतो. म्हणजे तो कोनच चुकीचा पोचत असणार. वर्षअखेरीस ८७६० तास गुणिले २८.९८४ म्हणजे सुमारे २ लाख ५४ हजार अंश. एवढ्या मोठ्या संख्येला ३२ बिटांच्या दशांशात शेजारची संख्या १/६४ अंशावर असते. त्यामुळे गुणाकार राऊंड होतानाच ०.००७८ अंशांपर्यंत चूक शिरते. रेडियनमध्ये ती ०.०००१३६. कोसाइनचा उतार जास्तीत जास्त १, म्हणून कोसाइनमध्येही चूक तेवढीच जाऊ शकते, अर्ध्या एककाच्या जवळपास पावणेतीनपट. नंतर ३६० ने भागून बाकी काढली की संख्या लहान दिसते, पण हरवलेले बिट परत येत नाहीत. बहुपदी त्या चुकलेल्या कोनाचा कोसाइन अगदी सचोटीने काढून देत होती.

तयार कोसाइन फंक्शन वापरलं असतं तरी हेच झालं असतं, कारण चूक फंक्शनला हाक मारण्याआधीची आहे.

दुरुस्ती पूर्णांकात केली. एम-२ ची गती अंशाच्या एक कोट्यांश भागात मोजली तर ताशी २८९८४१०४२ होते, तंतोतंत पूर्णांक. तिला मिनिटांनी गुणलं की एकक आणखी साठपट बारीक होतं आणि पूर्ण चक्र त्या एककात २१६ अब्जांचं येतं.

```c
uint64_t p = 289841042ULL * minutes;
p %= 216000000000ULL;
```

वर्षाच्या शेवटी हा गुणाकार सुमारे १५२ लाख कोटींवर जातो. ३२ बिटांत तो मावत नाही, ६४ बिटांत आरामात मावतो. सुरुवातीची कलाही याच एककात मिळवायची आणि चक्रं काढणं, सममितीने ४५° च्या आत आणणं हे सगळं पूर्णांकातच उरकायचं. दशांशात रूपांतर अगदी शेवटी, कोन लहान झाल्यावर. तेव्हा राऊंडिंगची चूक ०.०००००००५ च्या घरात येते. `d` मध्ये तिची सोय करावी लागली, म्हणून तो ०.००००००३ केला. बाकीच्या तीन लहरींना हाच कोड लागला, फक्त गतीचा आकडा बदलून. एस-२ ची गती ताशी नेमकी ३० अंश असल्यामुळे तिथे मुळात काही अडत नव्हतं.

अहवालातलं ते जुनं वाक्य त्याने खोडलं आणि तिथे दोन वाक्यं घातली. पूर्ण अंशांच्या एक्याण्णव कोनांसाठी चारही छापील अंक सिद्ध केले आहेत. इतर कोनांसाठी कोसाइनची एकूण चूक ०.००००५ पेक्षा कमी असल्याचं सिद्ध केलं आहे, आणि खूण नसलेल्या किमतींचे चारही अंक बरोबर आहेत. डिस्प्लेवर पाण्याची उंची मात्र तो सेंटिमीटरमध्येच दाखवतो. पावसाळ्यात वारा आणि नदीचा लोंढा मिळून पातळी कित्येक सेंटिमीटर इकडेतिकडे करतात, आणि चार लहरींच्या बेरजेत त्याचा हिशेब कुठेच नाही.